तुम्ही विचारलंत म्हणून: खोडायला काहीच उरत नाही तेव्हा

"सर, प्रश्नात नुसतं 'ही दोन द्रावणं मिसळली' एवढंच असतं. त्यावरून नेट आयनिक इक्वेशन लिहिताना कुठले आयन खोडायचे?"

सोलापुरात अकरावीला शिकवताना माझा आग्रह एकच असतो: खोडायची घाई नको. आधी प्रत्येक बाटलीत पाण्यात खरोखर काय आहे ते लिहा. विरघळलेला क्षार, तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी हे आयन म्हणून सुटे लिहायचे. अवक्षेप, पाणी आणि सौम्य आम्ल मात्र अखंड. मग बाणाच्या दोन्ही बाजूंना जे जसंच्या तसं दिसेल तेवढंच खोडायचं.

यासाठी मी मुद्दाम एक उदाहरण देतो: बेरियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात विरल सल्फ्युरिक आम्ल टाकलं. बरीच मुलं 'आम्ल आणि आम्लारी' एवढं वाचून H⁺ + OH⁻ → H₂O लिहितात. काहींना पांढरा अवक्षेप आठवतो, ती फक्त Ba²⁺ + SO₄²⁻ → BaSO₄ लिहितात. दोन्ही उत्तरं अर्धीच आहेत. एका बाटलीत Ba²⁺ आणि OH⁻, दुसरीत H⁺ आणि SO₄²⁻. चौघांनाही जोडीदार मिळतो, म्हणून पूर्ण समीकरण असं:

Ba²⁺ + 2OH⁻ + 2H⁺ + SO₄²⁻ → BaSO₄(s) + 2H₂O(l)

इथे प्रेक्षक आयन एकही नाही. सल्फ्युरिक आम्लाचा दुसरा H⁺ पूर्ण सुटत नाही, अशी शंका हुशार मुलं काढतात, आणि ती रास्त आहे. पण इथे OH⁻ त्या H⁺ ला ओढून घेतो आणि Ba²⁺ सल्फेटला खाली बसवतो, त्यामुळे शेवटी हिशोब तोच येतो.

हे डोळ्यांनी दिसतं. द्रावणात दोन इलेक्ट्रोड बुडवून बॅटरीवर एलईडी लावा. 0.05 M बेरियम हायड्रॉक्साइड 50 मिली घेऊन त्याच तीव्रतेचं आम्ल थेंबाथेंबाने घातलं, की प्रकाश मंदावत जातो. 50 मिलीच्या आसपास तो जवळजवळ विझतो, कारण वीज वाहून न्यायला आयनच उरत नाहीत. आणखी आम्ल घातलं की पुन्हा उजळतो. पाणी डिस्टिल्डच घ्या. बोअरच्या पाण्यात सल्फेट आणि बायकार्बोनेट असतात, आम्ल घालण्याआधीच ते द्रावण गढूळ करतात. विरघळलेलं बेरियम विषारी असतं, तेव्हा हा प्रयोग शिक्षकांसमोरच करा.

सल्फ्युरिक आम्लाच्या जागी हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, तर BaCl₂ विरघळलेलंच राहिलं असतं. मग Ba²⁺ आणि Cl⁻ दोन्ही खोडून H⁺ + OH⁻ → H₂O एवढंच उरलं असतं. व्हिनेगर असतं, तर त्यातलं आम्ल सौम्य म्हणून अखंड लिहावं लागलं असतं:

CH₃COOH + OH⁻ → CH₃COO⁻ + H₂O