सात मिनिटांचा उशीर

उशिराचं आपल्याकडे कोणी कौतुक करत नाही. पृथ्वीच्या रोखाने निघालेल्या लघुग्रहाला मात्र तो जरूर व्हावा, आणि फार नको, सातेक मिनिटं पुरे. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने सूर्याभोवती पळते, म्हणजे स्वतःच्या व्यासाएवढं अंतर सात मिनिटांत कापते. दोघांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे पाहुणा तेवढा मागे राहिला की फाटक ओलांडून गाडी गेलेली असते.

हा उशीर घडवायचा कसा, याची तालीम नासाने २०२२ मध्ये केली. आपल्याकडे २७ सप्टेंबरची पहाट होती. ‘डार्ट’ नावाचं, जेमतेम पावणेसहाशे किलोचं यान सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने डायमॉर्फस या लघुग्रहावर मुद्दाम आपटवलं. तो निवडला, कारण दीडेकशे मीटरचा हा धोंडा डिडिमॉस या थोरल्या लघुग्रहाभोवती फिरतो आणि त्या फेरीची वेळ पृथ्वीवरच्या दुर्बिणींतून मोजता येते: एकाने दुसऱ्याला झाकलं की प्रकाश किंचित मंदावतो. आधी एका फेरीला ११ तास ५५ मिनिटं लागत, नंतर ती ३३ मिनिटांनी घटली. धक्क्यातला मोठा वाटा यानाचा नव्हताच. उडालेल्या दगडधोंड्यांनी जाता जाता उलटा रेटा दिला, म्हणून तो साडेतीन पटींच्या आसपास वाढला. घट्ट कातळ असता तर इतकी मदत मिळाली नसती. युरोपचं ‘हेरा’ यान आता तिकडे चाललंय ते डायमॉर्फसचं वस्तुमान नेमकं मोजायला.

एवढं करून डायमॉर्फसचा वेग बदलला तो सेकंदाला तीन मिलिमीटरहूनही कमी! हसू नका. समजा, आपण एका लघुग्रहाला सेकंदाला एक सेंटीमीटरचा रेटा दिला. दहा वर्षांचा नुसता गुणाकार ३,१५० किलोमीटर होतो. पण रेटा कक्षेच्या दिशेने दिला तर प्रत्येक फेरीचा काळही बदलतो आणि फरक साठत जाऊन साधारण तिपटीवर, साडेनऊ हजारांवर जातो. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, म्हणजे सुटलो. हाच धक्का वर्षभर आधी दिला तर फरक जेमतेम हजार किलोमीटर. मग दहापट धक्का हवा, आणि तो देणारं यान आयत्या वेळी बनत नाही.

म्हणून सगळी मदार लवकर दिसण्यावर. ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह पृथ्वीजवळून गेल्यानंतर दोन दिवसांनी सापडला. २०३२ मध्ये तो आदळण्याची शक्यता आधी तीन टक्क्यांवर चढली, मग निरीक्षणं वाढली तशी जवळपास शून्यावर आली. २०१३ मध्ये रशियात चेल्याबिन्स्कवर फुटलेला वीसेक मीटरचा दगड तर कोणालाच आधी दिसला नव्हता, कारण तो सूर्याच्या बाजूने आला. पृथ्वीवरून त्या बाजूला दुर्बीण रोखायची सोय नाही. त्यासाठी नासा ‘निओ सर्व्हेयर’ ही अवरक्त दुर्बीण अंतराळात पाठवायच्या तयारीत आहे: कोळशासारखा काळा लघुग्रहही उन्हाने तापला की तिला दिसतो.