किलोवर नव्हे, रोजावर

एरवी आमच्या इंदिरानगरच्या गाळ्यात आम्ही दोघं नवरा-बायको आणि चार कायमच्या बायका एवढ्यांत काम भागतं. चिवडा, शेव, भडंग, मागणी असेल तसे लाडू. दसरा उलटला की मात्र चक्र फिरतं. आधी परदेशी जाणारी पार्सलं, मग अंबड-सातपूरच्या कारखान्यांचे भेटीचे डबे आणि सगळ्यात शेवटी घरगुती ऑर्डरी. वसुबारसेच्या आधीचा पंधरवडा दहा-बारा जादा हातांशिवाय निघत नाही.

हे हात ऐनवेळी मिळत नाहीत, कारण आमची दिवाळी आणि नाशिकच्या शेतीची घाई एकाच वेळी येते. द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी सुरू असते, सोयाबीन काढणीला आलेलं असतं. मजुरी करणाऱ्या बायकांना घेऊन सकाळी गाड्या दिंडोरीच्या बाजूला निघालेल्या असतात, आणि तिथला रोज सोडून पंधरा दिवसांसाठी आमच्याकडे कोण येणार? म्हणून आम्ही आसपासच्या बचत गटांतल्या घरच्या बायकांशी नवरात्रातच बोलून ठेवतो. तेव्हाच रोज किती, सुटी किती वाजता आणि शेवटचा दिवस कोणता हे ठरतं. शेवटचा दिवस म्हणजे वसुबारसेच्या आदली संध्याकाळ. त्यांच्याही घरी दिवाळी असते, त्यांनाही करंज्या करायच्या असतात. धनत्रयोदशीपर्यंत थांबा म्हटलं तर हो म्हणतात आणि येत नाहीत. त्यात त्यांची काही चूक नाही.

खरा प्रश्न पैसे कसे द्यायचे हा होता. आमच्या धंद्यात किलोवर मजुरी देण्याची पद्धत बरीच आहे. मालकाला ती सोपी पडते: जेवढा माल, तेवढे पैसे. चकलीचा हिशोब मांडून बघू. सराईत बाई साच्याने दिवसाला १६ किलोच्या आसपास चकली पाडते. किलोला ४० रुपये धरले तर तिचे ६४० होतात. नवी बाई पहिल्या दिवशी जेमतेम ९ किलो पाडते, म्हणजे तिच्या हातात ३६० रुपये. रिक्षा, घरी सोडलेलं काम हे सगळं धरलं तर ती तिसऱ्या दिवशी का यावी?

त्याहून मोठी गोष्ट अशी, की चकली किती पडली हे पाडणारीच्या एकटीच्या हातात नसतंच. उकड वेळेवर मळून आली नाही तर ती बसून राहते. कढई एकच मोकळी असेल तर पाडलेल्या चकल्या कागदावर थांबतात, तिला पुढचा घाणा घालता येत नाही. गॅसची टाकी संपली तर सगळेच थांबतात. किलोवर मजुरी म्हणजे आमच्या नियोजनातली ढिलाई तिच्या पैशातून कापणं. म्हणून आमच्याकडे रोज ठरलेला: आठ तासांचे ६४०, पहिल्या शिकाऊ दिवसालाही तेवढेच. कढईवर उभ्या राहणाऱ्या बाईला ९००, कारण तिथे उष्णता आहे, धोका आहे आणि सतत लक्ष ठेवावं लागतं. जादा तासाला दुप्पट, म्हणजे साध्या कामाचे तासाला ८० असतील तर त्या तासाचे १६०. दोन तास जादा थांबली तर त्या दिवसाचे ९६० झाले. दुप्पट दर कायद्यातही आहे, पण त्याचा आम्हालाच फायदा होतो: रात्री उशिरापर्यंत थांबवण्याआधी आम्ही दहा वेळा विचार करतो.

नव्या बाईच्या ९ किलोंवर ६४० म्हणजे आम्हाला किलोला ७१ रुपये पडतात, हे खरं. पण चौथ्या दिवसापर्यंत ती १३ किलोंवर येते आणि तो आकडा ४९ पर्यंत उतरतो. मधल्या दिवसांत जे जास्त जातं त्याला आम्ही शिकवणीचा खर्च म्हणतो. किलोवर मजुरी असती तर ती पहिल्या दिवसापासून घाई करते, वेढे नीट चिकटत नाहीत, चकली कढईत सुटते आणि अर्धा घाणा चुऱ्याच्या भावाने विकावा लागतो.

शिकवायचं काय, हेही सरळ नाही. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईला फराळ येतोच, आणि अडचण तिथेच सुरू होते. प्रत्येकीच्या हाताला आपल्या माहेरची सवय असते. एकीची करंजी बोटभर, दुसरीची तळहाताएवढी. घरी दोन्ही छान लागतात. पण आमच्या अर्ध्या किलोच्या डब्यात १४ करंज्या बसायला हव्यात, म्हणजे एक साधारण ३५ ग्रॅमची. म्हणून ‘कशी करायची’ हे सांगत बसत नाही, मापं हातात देतो. सारणाला एकच चमचा, तोही काठाला सपाट केलेला. लाटी वजनाची. चकलीसाठी प्लास्टिकच्या कागदाखाली पेनाने काढलेली वर्तुळं ठेवतो. वर्तुळ भरलं की साचा थांबवायचा आणि शेवटचं टोक आत दाबून चिकटवायचं. दुपारपर्यंत सगळ्यांच्या चकल्या बहिणीबहिणी दिसू लागतात.

एकीला एकच काम. पाडणारीला तळण शिकवत नाही, डबे भरणारीला मळणी नाही. पहिल्या सकाळी दोन तास जातात ते बिघडलेला माल दाखवण्यात. आमच्या कायमच्या मावशी मुद्दाम तीन ताटं करून ठेवतात. पहिल्यात साच्यातून बाहेर पडतानाच तुटलेली चकली: पीठ कोरडं आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा मळायचं. दुसऱ्यात तेलात विरघळून गेलेली: मोहन जास्त पडलंय, थोडी भाजणी मिसळायची. तिसऱ्यात दिसायला देखणी, पण तासाभरात मऊ पडलेली. तेल फार तापलं होतं, बाहेरून रंग आला आणि आत कच्ची राहिली. तळणारीला त्या एकच खूण सांगतात: तेलातले बुडबुडे थांबत आल्याशिवाय झारा उचलायचा नाही. हातात घेऊन मोडून पाहिलं की ते डोक्यात राहतं. नुसतं सांगितलं तर बायका मान हलवतात आणि घरच्यासारखंच करतात.

डबे भरणाऱ्यांना मुख्यतः थांबायला शिकवावं लागतं. गरम माल डब्यात गेला की आत वाफ धरते आणि चार दिवसांनी गिऱ्हाइकाचा फोन येतो. ताटाला पालथा हात लावून गार लागलं तरच काट्यावर घ्यायचं.

अन्नपदार्थ हाताळणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी नियमाने लागते. ती हंगामी बायकांचीही करून घेतो, खर्च आमचा. हजेरीच्या वहीत येण्याजाण्याची वेळ लिहून त्यांचीच सही असते. तुटलेल्या मालाचे पैसे कापत नाही. अंधार पडल्यावर सुटी झाली तर घरापर्यंत रिक्षा आमची.

पैसे पंधरवड्याच्या शेवटी एकदम देण्याऐवजी दर चौथ्या दिवशी चुकते करतो. दिवाळीची खरेदी, मुलांचे कपडे, किराणा हे सगळं वसुबारसेच्या आधीच करायचं असतं. नंतर आलेल्या पैशांचा तेव्हा काय उपयोग? बहुतेकींना यूपीआयवर चालतं, दोघी-तिघींना रोखच हवे असतात, कारण खात्याचा फोन नवऱ्याकडे असतो. त्यांना रोख.

शेवटच्या दिवशी प्रत्येकीला फराळाचा डबा देतो. तो हिशोबात धरत नाही, मजुरीतून वजा करत नाही. पूर्ण पंधरवडा आलेल्यांना वर दोन दिवसांचा रोज जास्त. या वेळी एका काकूंनी डबा उघडून करंज्या मोजल्या आणि म्हणाल्या, “ताई, यात तेराच आहेत.” करंज्यांत सारण भरणाऱ्या बाईला बोलावलं. डबा काट्यावर ठेवला तर वजन बरोबर निघालं, करंज्या मोठ्या होत्या. मापाचा चमचा तिनं दुपारपासून वापरलाच नव्हता.