नमस्कार सांगता येतो, नमस्ते नाही

«मॅडम, नमस्कार, नमस्ते आणि हॅलो, तिन्हींचा अर्थ एकच ना? मग कुणाला काय म्हणायचं?»

बदलीवर आलेल्या अमराठी लोकांना मी संध्याकाळी मराठी शिकवते, आणि हे मला प्रत्येक तुकडीत कुणी ना कुणी विचारतंच. पूर्वी मी फळ्यावर तीन रकाने आखून उत्तर द्यायचे. एका विद्यार्थ्याने ते रकाने पुसायला लावले.

हा लखनौचा मुलगा, बँकेत अधिकारी, कराडला बदली झालेला. भाड्याने खोली बघायला गेला तेव्हा घरमालकांच्या आई ओसरीवर बसल्या होत्या, वय ऐंशीच्या पुढे. त्याने हात जोडून अगदी अदबीने «नमस्ते आजी» म्हटलं. आजी म्हणाल्या, «बैठो बैठो, पानी लेता क्या?» पुढचं सगळं बोलणं हिंदीत झालं, म्हणजे आजींना जी येते त्या हिंदीत. मुलगा हिरमुसला. पंधरा दिवस घोकलेली वाक्यं तशीच राहिली होती. «माझं काय चुकलं?» असं त्याने मला विचारलं.

चुकलं काहीच नव्हतं. पण आपल्याकडे, त्यातून अनोळखी माणसाच्या तोंडून, «नमस्ते» आलं की पाहुणा मराठी नाही हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येतं, आणि तो भलेपणाने हिंदीत शिरतो. मराठीत नमस्ते नाहीच असं नव्हे. मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही बाई वर्गात आल्यावरचा तो सूर आठवेल, «एऽक साऽथ नमस्ते!» त्यातलं «एक साथ»सुद्धा हिंदीच. पण शाळा सुटली की तो शब्दही बहुधा दप्तरात राहतो. त्याच बाई संध्याकाळी मंडईत दिसल्या तर मूल आईच्या मागे लपतं, नाहीतर लाजत हसतं. नमस्ते म्हणत नाही.

मग मी त्याला व्याकरणाची एक युक्ती दिली. नमस्ते म्हणजे नमः आणि ते, आणि हे «ते» म्हणजे संस्कृतातलं «तुला». तुला नमन. अख्खं वाक्यच ते, तोंडातून निघालं की संपलं. नमस्कार मात्र नाम आहे, वस्तूसारखं. तो करता येतो, घेता येतो, पाठवता येतो. «आईंना माझा नमस्कार सांगा» म्हणता येतं, «माझं नमस्ते सांगा» कुणी म्हणत नाही. नको असलेल्या माणसाला आपण कोपरापासून नमस्कार करतो, तोही नमस्कारच.

आणि वस्तू म्हटली की ती कुणी कुणाला द्यायची हे आलंच. जुनी पत्रं काढून बघा. वडिलांना शि. सा. न. वि. वि., म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. बरोबरीच्याला स. न. वि. वि., सप्रेम नमस्कार. धाकट्याला नमस्कार नाहीच, त्याला «अनेक आशीर्वाद». वय किती, नातं काय, हे पहिल्या ओळीतच कळायचं. माझ्या वडिलांचं एक कार्ड अजून माझ्याकडे आहे. त्यात माझ्या नवऱ्याला आशीर्वाद आहेत आणि माझ्या सासऱ्यांना नमस्कार, एकाच कार्डात, एकाच निळ्या शाईत.

घरातला नमस्कार तर बोलायचा नसतोच. «आजोबांना नमस्कार कर» म्हणजे वाक आणि पायांना हात लाव. वाकणारा गप्प असतो, बोलायचं ते वरच्याने. कुणी म्हणतं «सुखी राहा», कुणी नुसतंच «असू दे, असू दे» म्हणत पाय मागे घेतं. (आजोबा आडवे झाले असतील तर थांबायचं. झोपलेल्या माणसाला नमस्कार करत नाहीत.) म्हणूनच शेजारच्या वीस वर्षांच्या मुलीने जिन्यात मला «नमस्कार काकू» म्हटलं तर मी दचकेन. वर्गणी मागायला आली का, की निवडणुकीला उभी राहिली? तिने «काय काकू, आज उशीर?» म्हणायचं, नाहीतर सरळ «हॅलो काकू». तोंडी नमस्कारात आदर असतो, पण एक हात अंतरही असतं. त्यामुळे तो शोभतो पहिल्या भेटीत, सभेत, बातम्यांच्या सुरुवातीला, दोन प्रौढ माणसांची ओळख करून देताना. रोजच्या माणसाला तो परका वाटतो.

हॅलोचा जन्म फोनवरचा नव्हे, पण आपल्या घरात तो फोनबरोबरच शिरला. एडिसनने 1877 साली फोनसाठी हा शब्द सुचवला. फोनचा शोध लावणाऱ्या बेलला जहाजावरचं «अहॉय» आवडायचं. मराठी माणूस फोनवर हॅलो म्हणतो ते अभिवादन म्हणून नव्हेच. ते दार वाजवणं आहे, ऐकू येतंय का बघणं आहे. म्हणून तर आपण «हॅलो, नमस्कार, मी अमुक बोलतेय» असं दोन्ही सलग म्हणतो आणि त्यात काही खटकत नाही. आवाज तुटला की पुन्हा «हॅलो? हॅलो?» करतो, पुन्हा «नमस्कार? नमस्कार?» करत नाही. 2022 च्या ऑक्टोबरात राज्य सरकारने कर्मचाऱ्यांना फोनवर हॅलोऐवजी «वंदे मातरम्» म्हणायला सांगितलं. त्याचं बरंवाईट बाजूला ठेवते, पण रेंज गेल्यावर काय ओरडायचं हा प्रश्न उरतोच.

समोरासमोरच्या हॅलोची गंमत वेगळी. शहरात, ऑफिसात, बरोबरीच्यांत तो कुणाच्या लक्षातही येत नाही. त्याला वयाचं वजन नाही, हीच त्याची सोय. सत्तरीच्या ओसरीवर मात्र तीच सोय उणीव होते, तिथे वजन हवं असतं.

हे सगळं ऐकून मुलाने विचारलं, «मग आजींना काय म्हणू?» मी म्हटलं, काही म्हणू नकोस. चपला काढ, वाक, आणि मग मराठीत विचार, «आजी, बऱ्या आहात ना?» बँकेत खातेदार आला तर «नमस्कार, बसा.» फोनवर आधी हॅलो, मग नमस्कार. आणि वारकरी गृहस्थ «रामकृष्ण हरी» म्हणाले किंवा कुणी «जय भीम» म्हणालं, तर उलट तेच म्हण. त्यांनी दिलेल्याला दुसरं नाणं परत करू नये.

एक जागा मी त्याला नंतर सांगितली. त्याच्या शाखेतल्या शिपायाची आई गेली तेव्हा भेटायला जाताना त्याने फोन करून विचारलं. तिथे तिन्हींपैकी काहीच नाही. जाऊन बसायचं, थोड्या वेळाने उठायचं. निघताना «येतो»ही म्हणायचं नाही.

दिवाळीनंतर तो वर्गाला आला तो चिवड्याचा डबा घेऊन. आजींनी दिला होता. आता त्या त्याच्याशी मराठीतच बोलतात, बहुतेक रागावण्यासाठी. डबा ठेवून तो आठवून आठवून म्हणाला, «बाई, आजींनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.»

मी म्हटलं, «अरे, त्या केवढ्या मोठ्या! त्यांना माझा साष्टांग सांग.» त्याने खिशातून वही काढली आणि विचारलं, साष्टांगमधला ष पोटफोड्या का?