वॉशिंग मशीनचा नॉब: डी-आकाराचे भोक मापातून मॉडेलपर्यंत

वॉशिंग मशीनच्या सिलेक्टरचा नॉब शाफ्टवर बसतो त्या नळीलाच उभी चीर गेली आहे, आणि ती अगदी अपेक्षित जागी, म्हणजे डी-आकाराच्या भोकाचा सपाट भाग गोलाईला मिळतो त्या टोकदार कोपऱ्यात गेली आहे.

नवा नॉब थ्रीडी प्रिंटरवर छापायचा, तर पहिला प्रश्न होता तो नेमके काय मोजायचे हा. तुटलेल्या भोकाच्या मापावर विसंबता येत नाही, कारण चिरेमुळे ते फाकलेले असते. शिवाय कॅलिपरच्या आतल्या जबड्यांच्या कडांना थोडी जाडी असल्यामुळे लहान भोकात त्या व्यासावर न टेकता जीवेवर टेकतात आणि माप कमी दाखवतात. एक चूक माप वाढवते, दुसरी घटवते, आणि दोहोंची बेरीज किती हे कळायला मार्ग नसतो. म्हणून मी नॉब बाजूला ठेवून शाफ्टच मोजला. व्यास फिरवून फिरवून पाहिला तरी 5.97 ते 5.98 मिमी आला, तर सपाट बाजूपासून समोरच्या गोलाईपर्यंतचे अंतर 4.48 मिमी भरले. 6 आणि 4.5 ही डी-शाफ्टची नेहमीची जोडी असल्याने मॉडेलमध्ये तेच आकडे धरले. मात्र सपाटी शाफ्टच्या टोकापासून फक्त 10 मिमीपर्यंतच आहे, हे डेप्थ रॉडने तपासले नसते तर नॉब अर्ध्यावरच अडला असता.

केंद्रापासून सपाटीचे अंतर कॅलिपरने थेट मोजता येत नाही, म्हणून ते सूत्रातूनच काढले आहे, जेणेकरून व्यास बदलला तरी सपाटी योग्य जागी राहील. ओपनएससीएडीमधील भोकाचा छेद असा आहे:

```
d = 6.0;
f = 4.5;
c = 0.10;
difference() {
  circle(d = d + 2*c, $fn = 96);
  translate([f - d/2 + c, -d])
    square(2*d);
}
```

यातील `c` ही प्रत्येक बाजूची मोकळीक आहे. ती शाफ्टच्या मापात मिसळून टाकू नये, कारण ती शाफ्टची नसून प्रिंटरची असते. संपूर्ण नॉब छापण्याआधी मी 4 मिमी उंचीच्या चकत्या छापून पाहिल्या. 0.05 ला चकती शाफ्टवर चढतच नाही, 0.15 ला ती चढते पण बोटाने हलवल्यावर सपाटीवर टकटक जाणवते, आणि 0.10 ला अंगठ्याच्या दाबाने बसून घट्ट राहते. चकती तोंडाशीच अडत असेल तर `c` वाढवण्याची घाई करू नये. पहिला थर दाबला जाऊन भोकाचे तोंड अरुंद झालेले असते, त्यामुळे तेथे 0.4 मिमीचा चॅम्फर पुरतो.

नळीची भिंत मुळात 1.2 मिमी होती, ती आता 2.4 केली आहे. अक्ष उभा ठेवून छापल्यास भिंतीला फाकवणारा ताण थरांच्या सांध्यावर न येता थरांच्या लांबीवर येतो, म्हणून दिशा तीच ठेवली.

आता दर्शक रेघ आणि सपाटी यांमधील कोन ठरवणे बाकी आहे. जुन्या नॉबच्या वरच्या चकतीवरून तो 90 अंश वाटतो. तरीही त्यासाठी वेगळे चल ठेवले आहे, कारण सिलेक्टर बंद स्थितीत नेऊन शाफ्टची सपाटी कोणत्या दिशेला येते हे मला प्रत्यक्ष पाहायचे आहे.