ताप नाही, तरी बारा दिवस दुखणारा घसा : माझा अनुभव

घसा दुखू लागला त्या दिवशी मी त्याची दखलही घेतली नव्हती. वर्गात दिवसभर बोलण्याचे काम असल्यामुळे घसा अधूनमधून बसतो आणि दोन-तीन दिवसांत आपोआप सुटतो, ही माझ्यासाठी नेहमीची गोष्ट आहे. या वेळी मात्र पाचव्या दिवशीही गिळताना जळजळ होत होती, आवाज घोगरा झाला होता आणि तोंडात कापूस कोंबल्यासारखे विचित्र वाटत होते. सर्दी नव्हती, खोकला जेमतेम होता, आणि सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावूनही पारा 98.6 च्या वर गेला नाही. ताप नाही म्हणजे काळजीचे काही नाही, असे मी ठरवून टाकले. मग घरात आधीच्या दुखण्यातून उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल होत्या, त्या कोणालाही न विचारता चार दिवस घेतल्या. त्यानंतर घसा अधिकच दुखू लागला. हा माझा सर्वांत मोठा मूर्खपणा होता, आणि तो मूर्खपणा नेमका का होता हे बाराव्या दिवशी कळले.

डॉक्टरांसमोर बसल्यावर त्यांनी सर्वांत आधी दिवस मोजले. साध्या विषाणूमुळे दुखणारा घसा बहुधा आठवडाभरात बरा होतो, आणि स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूमुळे दुखणारा घसासुद्धा सहसा आठवडाभरात शमतो. शिवाय त्यात बहुधा ताप येतो, टॉन्सिलवर पांढरा थर दिसतो, जबड्याखालच्या गाठी दुखतात आणि खोकला नसतो. माझ्यापाशी यांतले जवळपास काहीच नव्हते. त्यामुळे दहा दिवस उलटल्यावर ‘कोणता जंतू’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘घशाला रोज काय त्रास देत आहे’ हा प्रश्न पुढे येतो, असे त्यांनी सांगितले. उरलेल्या कॅप्सूलविषयी ऐकल्यावर ते रागावले नाहीत, पण अंगावर पुरळ उठले होते का, हे त्यांनी लगेच विचारले. ग्रंथिज्वर, म्हणजे मोनो, या विषाणूच्या आजारात अमॉक्सिसिलिन घेतले तर पुष्कळ वेळा पुरळ उठते, म्हणून हा प्रश्न होता. पुरळ उठले नव्हते.

मग त्यांनी एक साधी गोष्ट करायला सांगितली : “दुखते ती जागा एकाच बोटाने दाखवा.” मी बोट गळ्याच्या मध्यावर, हनुवटीच्या खाली ठेवले, आणि नंतर दोन्ही बाजूंना फिरवले. नेमकी एकच जागा मला दाखवता येत नव्हती. त्यांना तेच पाहायचे होते. एकाच बाजूला, एकाच ठिकाणी टोचणारे दुखणे, त्या बाजूच्या कानात जाणारी कळ आणि कान तपासल्यावर तो निर्दोष निघणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर ते माणसाला घरी पाठवत नाहीत. घसा आणि कान यांच्या संवेदना काही प्रमाणात एकाच मज्जातंतूंवरून जातात, त्यामुळे घशातल्या जखमेची किंवा गाठीची कळ कानात उमटू शकते. याच कारणाने त्यांनी माझे दोन्ही कान दुर्बीण लावून पाहिले, जरी मी कानाबद्दल तक्रार केली नव्हती. गिळताना काही अडकते का, वजन कमी झाले का, थुंकीत रक्त दिसले का, मानेत गाठ हाताला लागते का, तंबाखू किंवा मद्य घेता का, हे प्रश्न त्यांनी एकापाठोपाठ एक विचारले. कधीही धूम्रपान न केलेल्या माणसालाही घशाचा कर्करोग होऊ शकतो, म्हणून तंबाखूला ‘नाही’ असे उत्तर मिळाले तरी बाकीचे प्रश्न ते गाळत नाहीत.

दुखण्याची वेळ हा त्यांचा पुढचा धागा होता. सकाळी उठताना घसा सर्वांत कोरडा आणि दुखरा असेल व दुपारपर्यंत निवळत असेल, तर रात्री तोंडाने श्वास घेणे किंवा नाकातला स्राव मागच्या मागे घशात उतरणे, हे संशयित ठरतात. ॲलर्जीची सर्दी किंवा सायनसचा जुना त्रास असलेल्यांमध्ये हे फार आढळते. जेवणानंतर किंवा आडवे झाल्यावर जळजळ वाढत असेल, वारंवार घसा खाकरावा लागत असेल, तर पोटातले आम्ल वर येते का, हे पाहावे लागते. माझे दुखणे मात्र सकाळ-संध्याकाळ सारखेच होते, गिळताना वाढत होते, आणि तोंडाची चव गेली होती. “चव कधीपासून गेली?” या प्रश्नावर ते थोडे थांबले, हे मला आठवते.

“नियमित औषधे कोणती घेता?” असे त्यांनी विचारले, तेव्हा मी “काही नाही” असे उत्तर दिले. ते माझ्या मते खरेच होते. मला दमा आहे आणि मी सकाळ-संध्याकाळ पंप घेते, पण पंप माझ्या हिशेबात औषधांत मोडतच नव्हता. गोळी घेतली तर औषध, अशी काहीतरी समजूत मनात होती. त्यांनी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला : गोळ्या, इंजेक्शन, थेंब, फवारा, पंप, मलम, यांपैकी काही? तेव्हा मी पर्समधून इन्हेलर काढून टेबलावर ठेवला. त्यात स्टेरॉइड होते आणि महिन्यापूर्वी श्वास लागू लागल्यामुळे मात्रा एका फवाऱ्यावरून दोन फवाऱ्यांवर नेली होती. त्यानंतर काही आठवड्यांतच घसा दुखू लागला होता, पण त्या दोन तारखा मी एकमेकींशेजारी कधी ठेवल्याच नव्हत्या.

“घेऊन दाखवा,” ते म्हणाले. मी नेहमीप्रमाणे पंप ओठांत धरला, दाबला आणि मग श्वास ओढला. बटण दाबणे आणि श्वास ओढणे यांत अर्ध्या सेकंदाचे अंतर होते, आणि तेवढ्या अवकाशात फवारा सरळ टाळूच्या मागच्या भागावर आदळत होता. “औषधाची चव लागते का?” लागत होती, रोज लागत होती, आणि मी ती औषधाचाच भाग समजत होते. चव लागणे म्हणजे औषध फुप्फुसात जाण्याऐवजी तोंडात उतरत आहे, असा त्याचा अर्थ होता. योग्य रीतीने घेतल्यावरही दाबाच्या पंपातला मोठा भाग तोंडात आणि घशात बसतो. माझ्या बाबतीत तो आणखी जास्त बसत होता, आणि त्यानंतर चूळ भरण्याची सवय मला नव्हती.

यानंतरची तपासणी त्यांनी अधिक बारकाईने केली. जीभ दाबणाऱ्या पट्टीने त्यांनी जीभ खाली दाबली, टॉर्च पडजिभेच्या मागे धरला आणि “आ” म्हणायला लावले. टाळूच्या मऊ भागावर आणि मागच्या भिंतीवर चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे बारीक पांढरे ठिपके होते. नंतर त्यांनी आरशात मलाही दाखवले. पट्टीच्या कडेने त्यांनी एक ठिपका हलकेच खरवडला. तो निघाला, आणि खाली लालबुंद, किंचित रक्ताळलेली जागा उरली. ही कॅन्डिडा बुरशी असल्याची चांगली खूण आहे. कारण पुसूनही न निघणारा पांढरा चट्टा असेल तर प्रकरण वेगळे असते आणि त्याचा तुकडा तपासणीला पाठवावा लागतो. कॅन्डिडा पुष्कळांच्या तोंडात एरवीही असते. स्टेरॉइडमुळे तिथली स्थानिक प्रतिकारशक्ती मंदावली होती, आणि मी घेतलेल्या अँटिबायोटिकने तिला आटोक्यात ठेवणारे इतर जिवाणू मारून तिची जागा मोकळी करून दिली होती. घसा पाचव्या दिवसापेक्षा दहाव्या दिवशी अधिक का दुखत होता, याचे उत्तर इथे होते.

त्यानंतरही त्यांनी उरलेली तपासणी सोडली नाही. मानेच्या पुढच्या आणि मागच्या गाठी चाचपल्या, पाणी गिळायला लावून थायरॉइडवर बोटे ठेवली, कारण त्या ग्रंथीची सूज कधीकधी घसादुखी म्हणूनच जाणवते. आणि पोट दाबून प्लीहा वाढली नाही ना, हे पाहिले. रक्ताची साधी तपासणी आणि रक्तातील साखर लिहून दिली. बुरशीला कारण सापडले असले तरी नकळत मधुमेह असेल तर ती पुन्हा पुन्हा येते, म्हणून साखर. आणि पांढऱ्या पेशी कमी झालेल्या नाहीत ना, हे पाहण्यासाठी रक्त. दोन्ही ठीक निघाले. गिळताना छातीच्या मागे दुखते का, हेही विचारले, कारण तसे असेल तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते आणि मग तोंडातले औषध पुरत नाही. तसे नव्हते.

मला निस्टॅटिनचे द्रव औषध मिळाले. दिवसातून चार वेळा, जेवल्यानंतर ते तोंडात घ्यायचे, जितका वेळ धरता येईल तितका वेळ धरायचे, घशापर्यंत फिरवून गिळायचे आणि त्यावर अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही. त्यातले अवघड काम शेवटचे होते. बरे वाटल्यावरही दोन दिवस पुढे घ्यायचे, हे त्यांनी दोनदा सांगितले. पंप स्वतःहून बंद करायचा नाही, हेही त्यांनी बजावले. दमा उसळला तर घशापेक्षा मोठे संकट येते. त्याऐवजी पंपाला स्पेसर, म्हणजे एक पोकळ नळी, जोडायला सांगितली. दाबल्यावर औषध आधी त्या नळीत उतरते, जड थेंब तिच्या भिंतीवर बसतात आणि बारीक थेंब सावकाश श्वासाबरोबर आत जातात, त्यामुळे दाबणे आणि ओढणे एकाच क्षणी साधण्याचा प्रश्न उरत नाही. भुकटीच्या पंपाला मात्र ही नळी चालत नाही. दर वेळी फवारा घेतल्यानंतर चूळ, गुळण्या आणि पाणी थुंकून टाकणे, गिळायचे नाही.

घोगरा आवाज तीन आठवड्यांनंतरही राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहून घ्यायचे, असे त्यांनी चिठ्ठीवर लिहून ठेवले होते. स्टेरॉइडचा पंप स्वरतंतूंच्या स्नायूंनाही कमजोर करू शकतो, त्यामुळे बुरशी गेल्यावरही आवाज लगेच सुटेलच असे नव्हते. गिळताना होणारी जळजळ चौथ्या दिवशी कमी झाली, ठिपके आठव्या दिवशी दिसेनासे झाले, आणि आवाज अठराव्या दिवशी पूर्ववत झाला, म्हणजे दुर्बीण टळली. पंप दाबल्यावर जिभेवर येणारी ती कडवट चव आता येत नाही. एखाद्या दिवशी घाईत नळी न लावता फवारा घेतला, तर तत्काळ येते.