तुम्ही विचारलंत म्हणून

“मॅडम, नववीच्या पोरांना कात्री कशाला देता? पृष्ठफळाचं सूत्र फळ्यावर लिहिलं की दोन मिनिटांत होतं.”

दोन मिनिटांत सूत्र लिहून होतं, हे मला मान्य आहे. मीही सुरुवातीला तसंच शिकवत होते. आमच्या चोपडा तालुक्यात कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा असतो. भूमितीच्या पुस्तकात हे प्रकरण शेवटी येतं, आणि तोवर सगळ्यांनाच परीक्षा दिसायला लागलेली असते. तेव्हा कागद, कात्री, डिंक यांत तास घालवणं हौस वाटते, हे मला कळतं. पण ज्या तासामुळे मी बदलले, तो एकदा नीट सांगते. मग काय ते ठरवा.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. घटक चाचणीत तिचं या प्रकरणाचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. 2πrh कशाचं आणि 2πr(r+h) कशाचं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. मी सहज म्हणून सगळ्यांना कार्डपेपर दिला आणि सांगितलं, तळाची त्रिज्या 3.5 सेंटीमीटर आणि उंची 10 सेंटीमीटर असलेली वृत्तचिती करा. आधी कंपासने दोन चकत्या कापा, मग भोवतीचा कागद.

तिने चकत्या सुबक कापल्या. मग मोजपट्टी ठेवून 7 बाय 10 चा आयत आखला, कापला, गुंडाळला. नळी झाली बोटाएवढी. चकतीवर उभी केली तर मधोमध मेणबत्तीसारखी उभी, चारी बाजूंनी चकती मोकळी. तिने नळी उलगडली, पुन्हा मोजली. लांबी 7 बरोबर, उंची 10 बरोबर. पुन्हा गुंडाळली. शेजारची म्हणाली, “हाई पुरत नही.” ही मात्र काहीच बोलली नाही. तिसऱ्यांदा उलगडताना डोळे भरून आले आणि म्हणाली, “मॅडम, पण मी सूत्र बरोबर लिहिलंय.”

लिहिलंच होतं. वहीत 220 चौरस सेंटीमीटर होतं आणि हातातला कागद होता 70 चा. दोन्ही एकाच गोष्टीचं क्षेत्रफळ आहे, हे तिच्या मनात कुठेच जुळलेलं नव्हतं. आणि 7 आले कुठून? पुस्तकातल्या आकृतीतून. कागदावर काढलेली वृत्तचिती समोरून 7 रुंद आणि 10 उंच दिसते. डोळ्याला दिसलेली रुंदी तिने कापली. भोवती फिरून येणारी लांबी आकृतीत दिसतच नाही.

मी तिला उत्तर सांगितलं नाही. म्हटलं, तशाच आणखी पट्ट्या काप आणि चकतीच्या कडेला एकापुढे एक लावत जा. तीन पट्ट्या लागल्या, 21 झाले, आणि थोडी फट राहिली. फट मोजली तर 1 सेंटीमीटर, म्हणजे 7 चा सातवा भाग. तीन व्यास आणि व्यासाचा एक सप्तमांश. ती बराच वेळ त्या फटीकडे बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, “म्हणून बावीस सप्तमांश?” आधीच्या इयत्तांपासून ती 22/7 लिहीत आली होती.

आता तुम्ही म्हणाल, एका मुलीवरून सगळ्या वर्गाचं कसं ठरवता? पण बाकीच्या बाकांवर 14 लांबीचे कागदही होते. तुमच्या वर्गात सूत्र सांगायच्या आधी एकदा कागद देऊन बघा.

आता मी इष्टिकाचितीपासून सुरू करते, कारण तिथे भिंती मोजता येतात. लांबी 8, रुंदी 6, उंची 10. चार भिंतींची एकच सलग पट्टी कापायला सांगते. निम्मी मुलं घड्या 8, 8, 6, 6 अशा घालतात. पट्टीची लांबी बरोबर 28 भरते, पण 8 बाय 6 चा तळ त्यात बसत नाही, खोका पतंगासारखा तिरका होतो. घड्या 8, 6, 8, 6 अशा हव्यात, हे खोकंच सांगतं, मला सांगावं लागत नाही. मग पट्टी सपाट करून विचारते, ही 28 म्हणजे तळाचं काय? तळाची परिमिती. म्हणून उभं पृष्ठफळ 28 गुणिले 10, म्हणजे 280. वरचा आणि खालचा तळ 48-48 चे, एकूण 376. यानंतर वृत्तचितीला नवीन काही शिकवायचं उरत नाही. परिमितीच्या जागी परीघ येतो, घड्या जातात, उंची तीच. 22 गुणिले 10 म्हणजे 220, दोन चकत्या 38.5 च्या, एकूण 297. उघड्या टाकीचं गणित आलं की तीच मुलं एक चकती उचलून बाजूला ठेवतात.

पण कागदही फसवतो, हे कबूल करते. चिकटवायला 1 सेंटीमीटर जास्त ठेवावा लागतो, म्हणून आपण 23 कापतो आणि काही मुलं 230 लिहून मोकळी होतात. यासाठी जोडाची जागा आधी पेन्सिलीने काळी करून घेते. काळं क्षेत्रफळात धरायचं नाही. एका मुलाच्या घरी पत्र्याच्या धान्याच्या कोठ्या करतात. तो म्हणाला, बाबा जोडाला पत्रा जास्त घेतात, मग पुस्तकातलं उत्तर घेऊन दुकानात गेलो तर कोठी जुळणारच नाही. त्याचं बरोबर आहे. पुस्तकातलं पृष्ठफळ जोडाशिवायचं आहे, हे मी आता स्पष्ट सांगते, पूर्वी सांगत नव्हते.

चकत्यांसकट सगळी घडण एकाच अखंड कागदातून कापायचा हट्टही मी सोडला. चकती आयताला एकाच बिंदूत टेकते, कात्री लागली की सुटते. शिवाय 7, 10 आणि 7 मिळून 24 होतात आणि ए-फोर कागद 21 रुंद. चकत्या वेगळ्याच कापलेल्या बऱ्या.

माझीच जुनी शंका अजून गेलेली नाही. ज्यांचा हात बसलेला नाही त्यांचा परीघ 21.5 भरतो आणि त्यांना मोजपट्टीच खरी वाटते, π नव्हे. त्यांना काय सांगायचं, हे मला दर वर्षी नव्याने शोधावं लागतं. शिवाय पुढच्याच पानावर गोल आहे. शंकू कापून उलगडला तर वर्तुळपाकळी मिळते, तिथवर कात्री चालते. गोलाचं पृष्ठ मात्र कसंही कापलं तरी सपाट होत नाही, तिथे मला 4πr² फळ्यावरच लिहावं लागतं. मुलं विचारतात, मॅडम, याचं कागदाने का नाही करायचं? सूत्र पाठ केलेल्या वर्गाने हा प्रश्न मला कधी विचारला नव्हता. पण चाचणीत त्यांचे गुण यांच्याएवढेच येत, हेही तितकंच खरं, आणि तुम्ही ते पुढे केलंत तर माझ्याकडे त्यावर उत्तर नाही. कात्र्या मात्र यंदाही मागवल्या आहेत.