चार सौद्यांचा फरक

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका सब-ब्रोकरच्या कार्यालयात मी जोखीम-नियंत्रणाचे काम पाहते. बाहेरच्यांना वाटते की आम्ही ग्राहकाला धोक्यापासून वाचवतो. प्रत्यक्षात आमची यंत्रणा वाचवते ती ब्रोकरला. खात्यात मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ठेवायची अनामत, पुरेसे असले की पडद्यावर हिरवा रंग दिसतो, कमी पडले की लाल होतो आणि फोन सुरू होतात. ग्राहकाने आपल्या भांडवलाचा किती भाग एका सौद्यावर लावला आहे, हा प्रश्न ती यंत्रणा कधीच विचारत नाही. आमचे डीलरही विचारत नाहीत, कारण लॉट जितके जास्त तितकी दलाली जास्त. मला ज्या प्रकरणाबद्दल लिहायचे आहे, त्यातले खाते शेवटपर्यंत हिरवेच होते.

ग्राहक हुपरीचे. पैंजण आणि घुंगरू करण्याचा घरचा कारखाना आहे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. एमसीएक्स या वायदे बाजारात चांदी मिनीचे, म्हणजे पाच किलोच्या लॉटचे सौदे ते कित्येक वर्षे एक-दोन लॉटनेच करत. नंतर त्यांच्या इंजिनिअर मुलाने खात्याचा ताबा घेतला. मुलगा हुशार आहे आणि मेहनती आहे, हे आधीच सांगते, कारण पुढे जे झाले ते आळशी किंवा उधळ्या माणसाच्या हातून झालेले नाही. त्याने आपल्या ६० सौद्यांची तारीखवार वही ठेवली होती. त्यात २७ फायद्याचे आणि ३३ तोट्याचे होते, पण सरासरी फायदा सरासरी तोट्याच्या दुप्पट होता. तेवढ्यावरून त्याने केलीचे सूत्र लावले होते.

हे सूत्र जॉन केली या बेल लॅब्जमधल्या संशोधकाने १९५६ साली मांडले. दूरध्वनीच्या गोंगाट असलेल्या तारेवरून मिळणाऱ्या माहितीचा विचार करताना त्याने असा जुगारी कल्पिला, ज्याला निकालाची खबर आधी मिळते, पण ती कधीकधी चुकीची निघते. अशा माणसाने प्रत्येक डावात भांडवलाचा किती हिस्सा लावला तर पैसा दीर्घकाळात सर्वांत वेगाने वाढेल, याचे उत्तर दोनच आकड्यांवर उभे आहे.

```
f = p - q/b
```

यात p म्हणजे जिंकण्याची शक्यता, q म्हणजे हरण्याची आणि b म्हणजे फायद्याचे तोट्याशी प्रमाण. मुलाच्या वहीप्रमाणे ०.४५ मधून ०.५५ भागिले २ वजा केले की ०.१७५ उरतात. म्हणजे दर सौद्यात भांडवलाच्या साडेसतरा टक्के रक्कम जोखमीला लावायची. खात्यात १० लाख रुपये होते. भाव प्रति किलो ३,००० रुपयांनी विरुद्ध गेला की सौदा कापणारा स्टॉप लॉस धरला तर एका लॉटमागे १५,००० रुपयांची जोखीम होते, म्हणून ११ लॉट. भाव तेव्हा ९०,००० च्या आसपास होता, त्यामुळे ५५ किलो चांदीचा सुमारे ५० लाखांचा सौदा उभा राहिला. मार्जिन साधारण ६ लाख लागले आणि पडदा हिरवा राहिला.

पहिला सौदा स्टॉपला गेला आणि १० लाखांचे ८.३५ लाख झाले. सूत्राच्या शिस्तीप्रमाणे त्याने पुढच्या वेळी ९ लॉट घेतले. तोही सौदा गेला आणि खात्यात ७ लाख राहिले. मग ८ लॉट घेतले, म्हणजे ४० किलो. तो सौदा रात्री उघडा ठेवला गेला. एमसीएक्सचा बाजार रात्री उशिरा बंद होतो, परंतु परदेशातला चांदीचा बाजार त्यानंतरही चालू असतो, आणि त्या रात्री तिकडे भाव कोसळले. सकाळी नऊला आपला बाजार त्याच्या खरेदीच्या भावापेक्षा ५,००० रुपये खाली उघडला. ३,००० रुपयांवरचा स्टॉप वाटेत आलाच नाही, सौदा उघडलेल्या भावालाच कापला गेला. सूत्राच्या हिशेबात १.२० लाखांचा असलेला तोटा प्रत्यक्षात २ लाखांचा झाला आणि खात्यात ५ लाख उरले. तीन सौद्यांत भांडवल निम्मे झाले.

त्याच दिवशी दुपारी बापलेक कार्यालयात आले. अण्णा शांत होते. मुलगा मात्र वही उघडून म्हणाला, "मॅडम, मी कुठेही सूत्र मोडलेलं नाही. मग सूत्रच चुकीचं आहे का?"

आमच्या डीलरने बाजूच्या टेबलावरून "अहो, नशीब हो" असे सांगून टाकले. आमच्या धंद्यात हे उत्तर फार लवकर दिले जाते. नशिबाचा भाग होताच, पण तो किती होता हे मोजता येते. हरण्याची शक्यता ०.५५ असताना लागोपाठ तीन सौदे हरण्याची शक्यता सुमारे सहात एक असते. तिला दुर्दैव म्हणणे कठीण आहे. शंभर सौद्यांत लागोपाठ सहा हरण्याची एक तरी माळ लागण्याची शक्यता निम्म्याहून बरीच जास्त असते, आणि साडेसतरा टक्क्यांनी सहा वेळा हरले की भांडवलाचे ३२ टक्केसुद्धा उरत नाहीत.

सूत्र बरोबर आहे आणि ते स्वतःच हे सांगते, असे मी त्याला म्हणाले. पूर्ण केलीने, म्हणजे सूत्राने सांगितलेला पूर्ण हिस्सा लावून खेळणाऱ्याचे भांडवल कधी ना कधी सुरुवातीच्या निम्म्यावर येण्याची शक्यता, लहान लहान अनेक डाव धरले तर, निम्मी असते. एक चतुर्थांशावर येण्याची एक चतुर्थांश, एक दशांशावर येण्याची एक दशांश. कागदावर याला दिवाळे म्हणत नाहीत, कारण दर वेळी शिल्लक रकमेचाच हिस्सा लावल्याने शून्य कधी येत नाही. पण माणसाचे दिवाळे शून्याच्या बरेच आधी निघते. घरचे लोक खाते बंद करायला लावतात, कारखान्यातल्या मजुरीचे पैसे द्यायचे असतात, किंवा उरलेल्या रकमेत एका लॉटचीही जोखीम बसत नाही. निम्मी केली वापरली तर भांडवल निम्म्यावर येण्याची शक्यता अर्ध्याचा घन होते, म्हणजे आठात एक. एवढ्या सुरक्षिततेची किंमत वाढीच्या वेगात साधारण चौथ्या हिश्श्याइतकी पडते. त्याच्या आकड्यांवर पूर्ण केलीची वाढ दर सौद्याला सुमारे २.९ टक्के होती आणि निम्म्या केलीची २.२ टक्के. त्याच तीन सौद्यांत निम्म्या हिश्श्याने ५, ५ आणि ४ लॉट झाले असते, आणि तो उघडताना पडलेला खड्डा धरूनही खात्यात साडेसात लाख राहिले असते.

हे सगळे p म्हणजे ०.४५ हे खरे मानून झाले. माझा खरा आक्षेप तिथेच होता. साठ सौद्यांच्या नोंदीत चार सौद्यांची चूकभूल अगदी स्वाभाविक असते. प्रमाण-त्रुटी काढली तर ती सुमारे साडेसहा टक्के, म्हणजे साठात जवळजवळ चार सौदे येते. २७ ऐवजी २३ फायद्याचे निघाले असते, तर कोणालाही त्यात वावगे वाटले नसते. ते २३ धरून मी त्याच्यासमोर गणित मांडले. केलीचा हिस्सा साडेसतरावरून थेट साडेसातवर उतरला. आणि खरे प्रमाण ते असताना साडेसतरा टक्के लावत राहिले, तर दर सौद्याला भांडवल सरासरी ०.३६ टक्क्यांनी घटते. म्हणजे हातात खरोखर फायद्याची पद्धत असूनही माणूस केवळ आकारामुळे खड्ड्यात जातो. केलीच्या दुप्पट हिश्श्याच्या सुमारास वाढ शून्यावर येते आणि त्यापलीकडे उणे होते. याच परिस्थितीत साडेसतराच्या निम्मे, म्हणजे ८.७५ टक्के लावणाऱ्याची वाढ मात्र दर सौद्याला अर्ध्या टक्क्याच्या आसपास चालूच राहते. सूत्राच्या उताराची ही असमानता मला महत्त्वाची वाटते. कमी लावले तर वेग थोडा जातो, जास्त लावले तर पद्धतच मरते. आणि आपण कोणत्या बाजूला आहोत, हे साठ सौद्यांवरून कळत नाही. त्यातून माणूस सूत्राकडे वळतो तोच मुळी चांगले दिवस गेल्यावर, म्हणून वहीतला p बहुधा खऱ्यापेक्षा वरच असतो.

मुलाने लगेच विचारले, "मग किती सौदे झाल्यावर कळेल?" ०.४५ आणि ०.३८ यांत बऱ्यापैकी खात्रीने फरक करायला सव्वादोनशेच्या आसपास सौदे लागतात. त्याच्या गतीने ती जवळजवळ चार वर्षे झाली. चार वर्षांत चांदी आजच्यासारखी वागेल, असे मी कोणालाही लिहून देणार नाही. त्यामुळे हा आकडा कधीतरी पक्का होईल आणि मग पूर्ण हिश्शाने खेळता येईल, ही आशाच मला पटत नाही. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने हे सूत्र आधी ब्लॅकजॅकमध्ये आणि नंतर शेअर बाजारात वापरले. पत्त्यांत शक्यता मोजता येते, कारण जोडात किती पत्ते आहेत ते ठाऊक असते. चांदीच्या जोडात किती पत्ते आहेत, हे कोणालाच ठाऊक नाही. आणि तोटा नेमका एक पटच होईल, हे सूत्राचे दुसरे गृहीतक तर त्या सकाळी नऊ वाजताच मोडले होते. त्या सौद्यात तोटा दीड पटीहून जास्त झाला.

एवढा वेळ गप्प बसलेल्या अण्णांनी मग एकच गोष्ट विचारली. "मॅडम, कारखान्यात तीस किलो माल पडलाय. तो यात धरला का?"

तो कोणीच धरला नव्हता. मुलाच्या दृष्टीने सौदा ४० किलोचा होता. पण भाव ५,००० ने पडल्यावर कारखान्यातल्या ३० किलोंचे मूल्यही दीड लाखाने उतरले होते. ज्याच्या घरात आधीच चांदी आहे, त्याने वायद्यात पुन्हा तेजीचाच सौदा करणे म्हणजे त्याच बाजूला दुसऱ्यांदा लावणे. असा कारखानदार वायद्यात विक्री करतो, तेव्हा निदान घरच्या मालाचे संरक्षण तरी होते. ही बाजू आमच्या कार्यालयात कोणी कधी विचारत नाही, कारण केवायसीच्या अर्जात व्यवसाय लिहिण्यापुरती जागा असते, मालाच्या वजनाची नसते.

मी सध्यापुरते दोन टक्क्यांचे माप सुचवले. पाच लाखांच्या खात्यात त्याचे १०,००० रुपये होतात, आणि ३,००० च्या स्टॉपने मिनीचा एक लॉटही त्यात बसत नाही. तेव्हा एक किलोच्या मायक्रो लॉटवर यावे लागते, आणि ते तीन बसतात. मुलाला हे अपमानास्पद वाटले, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसले. आमच्या डीलरलाही ते आवडले नाही, पण त्याची कारणे वेगळी होती. अण्णा मात्र लगेच हो म्हणाले.

एक हिशेब अजून राहिला आहे. तीस किलोंतली सगळी चांदी अण्णांची नाही. काही पेढ्या चांदी देऊन केवळ मजुरीवर माल करून घेतात, आणि ती वजनाने परत द्यायची असते. त्या चांदीच्या भावाची जोखीम अण्णांवर येत नाही. उरलेली येते, आणि ती भांडवलातही मोजावी लागते. मग दोन टक्के कशाचे काढायचे, केवळ खात्यातल्या पाच लाखांचे की चांदीसकट सगळ्याचे, हे त्या विभागणीशिवाय ठरत नाही. पुढच्या वेळी येताना स्वतःची किती आणि पेढ्यांची किती, हे लिहून आणायला मी अण्णांना सांगितले आहे. मुलगा त्यानंतर दोनदा येऊन गेला, तो कागद अजून आलेला नाही.